एकानं संपणारी बेरीज

आमच्या पुऱ्यातली शारदा देवी दसऱ्यानंतर जाते आणि कोजागिरीच्या रात्री देवळासमोर मंडळाचा हिशोब होतो. ही पद्धत माझ्या जन्माच्या आधीपासूनची. एका बाजूला तीन दगडांच्या चुलीवर गंजात दूध आटत असतं, सतरंजीवर बाया, ओट्यावर गडीमाणसं, आणि मधे उभा राहून खजिनदार वहीतून वाचतो. मूर्ती इतके, बिछायत इतके, आचारी इतके. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांचं लक्ष दुधाकडे. शेवटी तो विचारतो, "काही शंका?" कोणालाच नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर सगळ्यांना असते.

दोन वर्षांपूर्वी खजिनदारकी माझ्या गळ्यात पडली. स्टँडवर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, दिवसभर मी कॉम्प्युटरसमोर असतो, एवढीच माझी पात्रता. अध्यक्षदादा म्हणाले, "तू पीपीटी बनव. पडद्यावर दाखवू. एकदाचं तोंड बंद होऊन जाईल लोकाइचं."

मलाही ते पटलं. हिशोब चोख होता, बिलं फाइलला लावलेली होती. आता फक्त तो दिसायला हवा होता, असं मला वाटलं.

मी एकोणीस स्लाइड केल्या. पहिल्यावर देवीचा फोटो, फुलं पडताहेत असं ॲनिमेशन. मग कार्यकारिणी, मग आभार, मग कार्यक्रमांचे फोटो. आकडे यायला आठवी स्लाइड उजाडत होती. प्रोजेक्टर शाळेचा, लॅपटॉपही शाळेचाच, पडदा म्हणजे देवळाच्या भिंतीला खिळ्यांनी ताणलेली पांढरी चादर. फाइल उघडली आणि मथळ्याच्या जागी हे दिसलं:

```
tek [kpZ
```

मथळे मी कृतिदेवमध्ये टाइप केले होते, हा ‘जमा खर्च’. दुकानात सगळे जुने अर्ज त्याच फाँटमध्ये, हात त्यालाच सरावलेला. तो फाँट मुळात इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देतो. ज्या मशीनवर तो नाही तिथे आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. समोर बसलेली पोरं ‘टेक, टेक’ म्हणून हसायला लागली. युनिकोडमध्ये टाइप केलं असतं, निदान पीडीएफ करून नेलं असतं, तर हे झालं नसतं. हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो.

आकडे मात्र दिसत होते. म्हणजे दिसत होते, पण वाचता येत नव्हते. एक्सेलनं स्वल्पविराम आपल्या सवयीनं दिले होते, 115,315 असे. पहिल्या रांगेतली आमची काकू मोठ्यानं वाचायला लागली, "एकशे पंधरा... एकशे पंधरा काय?" लाख आणि हजार जिथे तुटतात तिथे आपली नजर थांबते. जागा चुकली की डोकं आकडा धरत नाही. त्याचा इलाज नंतर सापडला. विंडोजमध्ये प्रदेश भारत केला की झालं, नाहीतर खान्याला हा साचा द्यायचा:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

यात एक खोट आहे. आकडा उणे गेला की साचा पुन्हा जुन्या वळणावर जातो. आमच्या मंडळावर लाखाची तूट येण्याची वेळ अजून आली नाही, म्हणून चालून जातं.

मग आला तो रंगीत गोल. मला त्याचा फार अभिमान होता. खर्चाचे नऊ भाग, नऊ रंग, आणि तिरपा धरलेला, जाडी दिसणारा. तिरपं धरलं की पुढचा तुकडा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या गोलात पुढे विसर्जन आलं होतं आणि मागे महाप्रसाद. खर्च ७,८०० आणि ३१,२४०. चादरीवर चौपटीचा फरक पार बुजून गेला होता. वर चांदणं आणि बाजूला ग्रामपंचायतीचा दिवा, त्यामुळे पिवळा नि पोपटी रंग धुऊन निघाले होते. मागून कोणीतरी विचारलं, "हे भाकर कायले काढली बावा?"

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. शेवटच्या स्लाइडवर मी ठळक अक्षरात लिहिलं होतं: शिल्लक १६,५९६.

सचिवकाका ओट्यावरून उठले. सेवा सहकारी सोसायटीत गटसचिव म्हणून त्यांचा जन्म गेला. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी सगळा गाव सचिवच म्हणतो. ते चादरीजवळ आले, आकड्यावर बोट ठेवलं. चादर हलली, आकडाही हलला.

"हे सोळा हजार कुठी हायेत?"

"मंडळाकडे."

"मंडळाकडे म्हंजे? पेटीत? बँकेत?"

पेटी समोरच होती. मी ती उघडून मोजली असती तर १,११५ रुपये निघाले असते. ते मला ठाऊक होतं. का, तेही ठाऊक होतं. पण उत्तर देताना मी चाचरलो, आणि दीडशे माणसांसमोर पैशाच्या प्रश्नावर खजिनदार चाचरला की पुढचं काही सांगावं लागत नाही.

गोष्ट साधी होती. पावत्या फाडल्या होत्या १४२, त्यांची बेरीज ८६,८४२. वर्गणीची जमा म्हणून मी तीच धरली. पण पावती फाडणं आणि पैसे येणं यांत आमच्याकडे महिनाभराचं अंतर असतं. देवी बसते तेव्हा सोयाबीन उभं असतं, जाते तेव्हा गंजी लागलेली असते, आणि कोजागिरीला मळणीयंत्राची पाळी यायची असते. कापसाची पहिली वेचणीही जेमतेम सुरू झालेली. "पावती फाड, सोयाबीन इकलं की देतो," हे वाक्य आमच्या गावात कोणी बुडवण्यासाठी म्हणत नाही. त्या वर्षी १११ घरांनी ७१,३६१ दिले होते आणि ३१ घरांकडे १५,४८१ येणं होतं. माझ्या स्लाइडवरचे सोळा हजार शेतात गंजीला लागलेले होते.

हिशोबाची पुस्तकं याला दोन वेगळे रस्ते म्हणतात: एकात पैसा हातात आला की जमा, दुसऱ्यात हक्क निर्माण झाला की जमा. कंपनीला दुसरा रस्ता लागतो. पुऱ्याच्या मंडळाला पहिलाच बरा, कारण तिथे हिशोब तपासायचं साधन एकच आहे: पेटी उघडायची आणि मोजायचं. स्लाइडवरचा आकडा आणि पेटीतला आकडा एक निघाला पाहिजे. मी उत्पन्न एका रस्त्यानं मोजलं आणि खर्च दुसऱ्या. खर्च तर प्रत्यक्ष दिलेलाच धरला होता.

या घोळात आणखी एक गोष्ट मी केली होती, आणि ती मला अजून टोचते. पावत्यांची पूर्ण यादी चार स्लाइडवर टाकली होती, नाव आणि रक्कम. ज्यांचे पैसे यायचे होते ती ३१ नावं लाल. मला तो पारदर्शकपणा वाटला होता. यादी येताच सभा गप्प झाली. प्रत्येक जण स्वतःचं नाव शोधत होता आणि शेजाऱ्याचं वाचत होता. लाल नावांतले एक म्हातारे काका दूध न घेता घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दुकानाचं शटर उघडलं तर ते समोर उभे. हातात ५०१ रुपये. "हे घे, अन् ते लाल खोडून टाक." ते पैसे त्यांनी भाच्याकडून उसने आणले होते हे मला दिवाळीनंतर कळलं.

त्याच दिवशी दुपारी सचिवकाका दुकानात आले. तिन्ही पावती पुस्तकं मागितली आणि बाकावर मांडी घालून बसले. मला वाटलं, आता प्रत्येक पावती तपासणार. त्यांनी आधी फक्त मोजल्या. पन्नासाची तीन पुस्तकं, म्हणजे १५०. फाडलेल्या १४२, रद्द ३, कोऱ्या ५. रद्द तिन्हींच्या दोन्ही प्रती जागेवर होत्या का ते पाहिलं. होत्या. रद्द पावतीची गिऱ्हाइकाकडची प्रत पुस्तकात नसेल तर ती रद्द नाही, ती कोणाच्या तरी खिशात आहे, असं ते म्हणाले.

मग विचारलं, "बेरीज किती होती?"

"श्याऐंशी हजार आठशे बेचाळीस."

"बरोबर हाये," ते म्हणाले आणि पुस्तकं मिटली.

मी चक्रावलो. एकही रक्कम त्यांनी वाचली नव्हती. तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. वर्गणी कोणी पाचशे देत नाही, पाचशे एक देतो. एकशे एक, दोनशे एक्कावन्न, पाचशे एक, हजार एक. वरचा एक रुपया शुभाचा. म्हणजे प्रत्येक पावती हा पन्नासाचा कुठला तरी पाढा आणि वर एक. १४२ पावत्या असतील तर वरचे रुपये १४२ होणार, बाकी सगळी बेरीज पन्नासाच्या पटीत. तेव्हा एकूण बेरजेचा शेवट ४२ किंवा ९२ च येणार, दुसरं काही येऊच शकत नाही. ८६,८४२, शेवट बेचाळीस. माझ्या बाकी आकड्यांनाही ही कसोटी लावून पाहिली. १११ घरांचे ७१,३६१: शेवट ११ किंवा ६१ हवा, ६१ आहे. ३१ घरांचे १५,४८१: ३१ किंवा ८१ हवा, ८१ आहे.

"सोसायटीत वसुलीच्या याद्या यायच्या," ते म्हणाले. "सगळ्या कोण तपासते? शेवट पाह्याचा."

मी म्हटलं, मग कोणी ५०१ ची नोंद २५१ केली तर? ते हसले. ते यात सापडत नाही. पूर्ण पावतीच दडवली, मोजणीतूनही आणि बेरजेतूनही, तर तीही सापडत नाही. म्हणून आधी पावत्या मोजायच्या, कोऱ्या आणि रद्द धरून, आणि मग शेवट पाहायचा. एवढ्यानं इतकंच कळतं की यादी करणारा झोपेत नव्हता. चोर पकडायला पुस्तक पान पान उलटावं लागतं.

पानठेल्यावरचं बोलणं त्यांच्या त्या "बरोबर हाये"नं थांबलं. माझ्या एकोणीस स्लाइडनी ते सुरू केलं होतं.

दिवाळीपर्यंत ३१ पैकी २७ घरांचे पैसे आले, १३,२२७. लाल नावांचा तमाशा झाला नसता तरी आले असते. चार घरं राहिली. एका घरी मयत झाली होती, एक कुटुंब पुण्याला गेलं, बाकी दोघांचं पीकच गेलं. ते २,२५४ आम्ही सोडून दिले.

पुढच्या वर्षी मी चारच स्लाइड केल्या. त्या आधी मनातल्या मनात त्याच चादरीसमोर काकूच्या जागी जाऊन बसलो. तिला काय बघायचं आहे? मागच्या वर्षी सचिवकाकांनी विचारलेला पहिला प्रश्नच तिचाही होता. म्हणून पहिली स्लाइड तीच: ‘आज पैसे कुठे आहेत’. खाली दोनच ओळी. पेटीत रोख इतके, खात्यात इतके. त्याखाली बेरीज. फुलं नाहीत, देवीचा फोटो नाही. फोटो कशाला, देवी पाच दिवसांपूर्वी सगळ्यांनीच पाहिली होती.

‘खात्यात’ हा शब्द लिहिता यावा म्हणून वर्षभर खटपट करावी लागली होती. पहिल्या वर्षी फोनवरून वर्गणी देणाऱ्या ३७ घरांचे पैसे माझ्या दुकानाच्या कोडवर आले होते. २२,४३७ रुपये, माझ्या झेरॉक्सच्या कमाईत मिसळलेले. मी ते काढून दिले, पण मीच मोजले नि मीच काढले याला पुरावा काय? नोंदणी नसलेल्या मंडळाच्या नावानं खातं उघडायला आमची बँक तयार झाली नाही. शेवटी अध्यक्षदादा आणि माझं संयुक्त खातं काढलं, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघत नाहीत, आणि त्यात मंडळाशिवाय दुसरं काही फिरत नाही. कागदावर ते पैसे आम्हा दोघांचेच आहेत, ही त्यातली गोम. म्हणून पासबुकाचं शेवटचं पान छापून टेबलावर ठेवलं. वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ क कलमाखाली. ते अर्ज माझ्याच दुकानातून भरले जातात आणि नंतर हिशोबही द्यावा लागतो. पण त्या हिशोबाला काकू बसलेली नसते.

दुसऱ्या स्लाइडवर पैसा आला कसा, गेला कसा. इथे एक अडचण होती ती मला रात्री झोपताना सुचली. मागच्या कोजागिरीला पेटीत १,११५ होते. या वर्षीचा उत्सव सुरू झाला तेव्हा आमच्याकडे १७,८८२ होते. मी सरळ ‘मागील शिल्लक १७,८८२’ लिहिलं असतं, तर गेल्या वर्षीचा आकडा लक्षात ठेवणारा कोणीतरी उठलाच असता. गावात असे आकडे लक्षात ठेवणारे फार आहेत. दोन सभांच्या मधे अकरा-बारा महिन्यांची एक गल्ली असते आणि तिथे पैसा ये-जा करतो. ती गल्ली दाखवायलाच हवी. म्हणून लिहिलं: गेल्या कोजागिरीला १,११५. नंतर आलेली वर्गणी १३,२२७. विजेची अनामत परत ३,५४०. मिळून १७,८८२. उत्सवाची सुरुवात इथून.

या विजेच्या अनामतीनंही पहिल्या वर्षी मला गोत्यात आणलं होतं. तात्पुरत्या जोडणीसाठी आम्ही सुरुवातीला ६,००० भरले. उत्सव संपल्यावर जळालेल्या विजेचं बिल वळतं होतं आणि बाकी परत येते. बिल निघालं २,४६० चं. मी मात्र कोजागिरीला पूर्ण ६,००० ‘वीज’ म्हणून खर्चात दाखवले, आणि लोकांनी विचारलं की नऊ दिवसांत सहा हजाराची लाइट जाळली का. बरं, पैसे तर गेलेच होते, पेटीतून ६,००० कमी झालेच होते. ते खर्चात नाही धरले तर शिल्लक जुळत नाही, धरले तर वीज महाग दिसते. यावर तोडगा एकच: गेलेल्या पैशांत दोन ओळी करायच्या. ‘खर्च झाले’ आणि त्याखाली वेगळं, ‘भरले आहेत, परत येणार’. बेरीज दोन्हींची, पण काकूला कळतं की त्यातले काही पैसे फिरून येतील.

येणं मात्र बेरजेत नाही. ती चूक पुन्हा नको. दुसऱ्या स्लाइडच्या तळाशी, एक रेघ मारून, रेघेखाली: ‘२७ घरांकडून वर्गणी यायची आहे. वरच्या शिल्लकेत धरलेली नाही.’ नावं नाहीत, लाल रंग नाही. ज्याला आपली किंवा कोणाची पावती पाहायची त्यानं टेबलाजवळ यावं, पुस्तकं ठेवली आहेत, बॅटरी ठेवली आहे. चौघे आले. चौघांनीही स्वतःचीच पाहिली. निदान मी पाहत होतो तोवर तरी.

तिसरी स्लाइड खर्चाची. भाकर नाही. तीन रकाने: गेल्या वर्षी, यंदा, आणि का. हा ‘का’चा रकाना मी बायकोच्या सांगण्यावरून टाकला. ती म्हणाली, वाढलेल्या आकड्यावर माणूस चिडत नाही, कारण विचारावं लागलं की चिडतो. बिछायत २६,५०० वरून ३३,००० वर गेली होती. एकट्या आकड्यावर पाऊण तास भांडण झालं असतं. समोर लिहिलं होतं, ‘पत्र्याचा मंडप, मागे अष्टमीला पाऊस’. मागच्या वर्षी वरणाच्या गंजात पाणी गळताना ज्यांनी पाहिलं होतं, ते माना हलवून पुढच्या ओळीकडे गेले. साउंड १७,००० वरून ११,००० वर आला होता, ‘डीजे नाही, डफडे’. तिथे पोरांनी नाराजीचा आवाज काढला. तोही हिशोबाचाच भाग.

ओळी आठच ठेवल्या. नववी आली की अक्षर लहान करावं लागतं, आणि चादरीवर लहान अक्षर म्हणजे काही नाहीच. संध्याकाळी मी प्रोजेक्टर लावून स्वतः मागच्या ओट्यावर, जिथे म्हातारी माणसं बसतात तिथे, चष्मा काढून बसलो. १ आणि ९ मधला फरक दिसेना. फाँट जाड केला, पांढऱ्यावर काळं केलं, चादरीच्या खालच्या काठाला दोन विटा बांधल्या. मग दिसला.

चौथी स्लाइड मला सगळ्यात आवडते, आणि तिच्यावर एकही रुपया नाही. महाप्रसादाचे ३१,२४० पहिल्या वर्षी दाखवले तेव्हा वाटलं असेल की सातआठशे पानं एवढ्यात उठली. उठली नव्हती. गहू घरोघरचा होता, तुरीची डाळ घरोघरची, वांगी एका मळ्यातून पोत्यानं, सांबार म्हणजे कोथिंबीर दुसऱ्यातून, लाकूड तिसऱ्यानं ट्रॅक्टरनं आणून टाकलेलं. पैसे गेले ते तेल, साखर, मसाला नि आचाऱ्याला. ज्यांच्याकडे रोख नव्हती आणि धान्य होतं त्यांनी तेच दिलं होतं, आणि माझ्या पहिल्या हिशोबात त्यांचा पत्ताच नव्हता. काहींनी तर ५०१ ऐवजी वीस किलो गहू घातला होता आणि तरी लाल यादीत त्यांचं नाव झळकलं.

दुसऱ्या वर्षी अध्यक्षदादा म्हणाले, बाजारभावानं किंमत लावून जमेत घे, आकडा मोठा दिसते. मी नाही म्हटलं. किंमत लावून फक्त जमेत घेतली तर शिल्लक फुगते, आणि त्या शिल्लकेत पोटात गेलेला गहू असतो. दोन्हीकडे घेतली तर बेरीज जुळते, पण मग भाव कोणता, वांग्याला कोणता, यावर वाद. आणि ज्यानं गहू दिला त्याला तो रुपयांत मोजलेला आवडेल का, हाही प्रश्नच. म्हणून वजनानंच लिहिलं. गहू १ क्विंटल ८० किलो. तुरीची डाळ ५४ किलो. वांगी चार पोती. लाकूड एक ट्रॉली. त्यातून उरलेलं: डाळ १२ किलो, देवळाच्या खोलीत, चावी पुजाऱ्याकडे. ही स्लाइड आली तेव्हा बायांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली. कोणी किती घातलं ते त्यांना तोंडपाठ होतं, त्या आपसात बेरीज लावत होत्या. "जमते," काकू म्हणाली.

चार स्लाइड सात मिनिटांत संपल्या. मी विचारलं, काही शंका? आणि सचिवकाका उठले.

"दुसरी दाखव पुन्हा."

दाखवली. त्यांनी बोट ठेवलं. चादर या वेळी हलली नाही.

"एकशे अठरा घराइचे पैसे आले म्हणतं. अन् आकडा शहात्तर हजार सातशे सतरा."

"हो."

"अठरा घरं, तं शेवट अठरा पाह्यजे, नाईतं अडुसष्ट. सतरा काऊन?"

दीडशे माणसं आणि एक रुपया. पेटी दोनदा मोजली होती, पासबुकाशी पडताळा घेतला होता, पहिल्या स्लाइडवरचे १३,३४७ पैनपै जुळत होते. पैसे बरोबर होते. म्हणजे चूक पैसे येतानाच झाली होती. कोणीतरी हसलं, कोणी म्हणालं जाऊ द्या सचिव, एका रुपयाचं काय. ते बसायला तयार नव्हते. मी पासबुकाचं पान बॅटरीखाली धरून वरून खाली बोट फिरवू लागलो. ५०१, २५१, ५०१, १००१, ५०१. आणि मग एक ५००. अष्टमीच्या दिवशीची नोंद. पावती पुस्तकात त्याच घरची पावती ५०१ चीच होती. पोरानं आईच्या वतीनं फोनवरून पैसे पाठवले होते आणि एक रुपया टाइप करायचा राहिला होता.

नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही, कारण सतरंजीवरून एक मावशी उठल्या. पोराकडे एकदा पाहिलं, पदराची गाठ सोडली, एक रुपया काढला आणि येऊन पेटीत टाकला. पेटी जवळजवळ रिकामी, आवाज चांगला मोठा झाला. "शुभाचाच ठेवला हं यानं," त्या म्हणाल्या.

मी लॅपटॉपवर ७६,७१७ चे ७६,७१८ केले. आकडे मी एक्सेलमधून जोडलेले नव्हते, हातानं टाइप केले होते, त्यामुळे पुढचं काही आपोआप बदलणार नव्हतं. खालची शिल्लक १३,३४८ केली. पहिल्या स्लाइडवर गेलो, तिथली बेरीज बदलली, आणि दुधाचे पेले फिरायला लागले म्हणून लॅपटॉप मिटायला घेतला.

"भाऊ," पुढच्या रांगेतली सातवीतली पोरगी म्हणाली, "पेटीत अजून सत्तेचाळीसच हाये."

‘पेटीत रोख २,९४७’. तो राहिलाच होता.